डॉल्फिनवर मारिओ कार्ट वी, स्वतःच्या डिस्कचा बॅकअप : आवाज तडतडतो आणि निळं कवच फुटलं की चित्र गोठतं

रेवती_जुळेसोलापूर · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी उत्तर देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे.

माझे काका जर्मनीहून येताना निन्टेन्डोचं वी हे गेमचं यंत्र घेऊन आले होते. ते यंत्र आता थकलंय. डिस्क घातली की आतून टकटक आवाज येतो आणि तीनदा घातली तर एकदा वाचते. दर मे महिन्यात पुण्याहून भाचे येतात आणि त्यांना मारिओ कार्टच लागतं, म्हणून डिस्क अजून वाचतेय तोवर बॅकअप काढला. वीवर होमब्रू होतंच, CleanRip ने पेन ड्राइव्हवर उतरवली. पहिल्या खेपेला मध्येच वाचन थांबलं. मग डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, यंत्र तासभर गार होऊ दिलं आणि दुसऱ्या खेपेला पूर्ण निघाली. तुकडे जोडल्यावर फाइल ४,६९,९९,७९,७७६ बाइटची झाली. गेम आयडी RMCP01.

लॅपटॉप जुना आहे. i5-8250U, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंटेलचंच UHD 620. विंडोज १०. वीचे गेम लॅपटॉपवर चालवणारं डॉल्फिन ५.० टाकलंय, कारण साइटवर तेव्हा तेच स्टेबल म्हणून दिसलं होतं. एका व्हिडिओत बघून चित्र काढायचा बॅकएंड OpenGL ठेवला, रिझोल्युशन ४ पट केलं आणि आवाजासाठी LLE recompiler निवडलं, कारण त्यात सांगितलं होतं की LLE म्हणजे अस्सल आवाज.

गेम चालतो. पण दोन त्रास आहेत. आवाज सतत तडतडतो, कढईत मोहरी टाकल्यासारखा. आणि शर्यतीत पहिल्यांदा निळं कवच फुटलं, किंवा पहिल्यांदा कुणाला तारा मिळाला, की चित्र अर्धा सेकंद गोठतं. तेवढ्यात गाडी खड्ड्यात. तेच कवच दुसऱ्यांदा फुटलं तर काही होत नाही, याचं मला नवल वाटतं.

भाचे वीस दिवसांनी येताहेत. मदत करा.

आदित्य९९ · शनिवार, रात्री १०:०५

ताई, शेडर कॅशेचा प्रॉब्लेम आहे. कॅशे खराब झाली की असंच होतं. Cache फोल्डर डिलीट करा, रोज गेम लावायच्या आधी करत जा. नाहीतर नेटवर लोकांनी पूर्ण गेमची शेडर कॅशे टाकलेली असते, ती उतरवून तिथे पेस्ट करा, झटके बंद. आवाजासाठी LLE बरोबर आहे, तेच ठेवा.

काकासाहेब_पंढरपूर · शनिवार, रात्री १०:३०

ताई, आवाज तडतडतो म्हणजे स्पीकरचा पडदा गेला असणार. माझ्या लॅपटॉपला तसंच झालं होतं, दुकानदाराने नवे स्पीकर घातले. आधी हेडफोन लावून बघा. आणि चार्जर लावलेला असताना होतं की काढल्यावर, तेही बघा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर चार्जर चालला की स्पीकरमधून घूं-घूं आवाज यायचा.

जुनाखेळ · शनिवार, रात्री ११:१५

रेवतीताई, तुम्ही लिहिलेलं एक वाक्य फार कामाचं आहे. तेच कवच दुसऱ्यांदा फुटलं तर काही होत नाही. त्यावर येतोच, पण आधी आकडे हवेत. गेम चालू असताना खिडकीच्या पट्टीवर FPS, VPS आणि टक्के दिसतात. VPS म्हणजे सेकंदाला पडदा किती वेळा भरला ते. नारळवाल्या मॉलच्या ट्रॅकवर, म्हणजे कोकोनट मॉलवर, एक पूर्ण फेरी मारा आणि VPS किती राहतो ते लिहा. तडतड त्याच वेळी जास्त होते का, हेही.

आदित्य, रोज कॅशे पुसायला सांगू नकोस रे. कॅशे म्हणजे एकदा केलेलं काम जपून ठेवणं. ती पुसली की तेच झटके दुसऱ्या दिवशी नव्याने खायचे. आणि दुसऱ्याची कॅशे आणून चालत नाही. ती ज्या ग्राफिक्स चिपवर, ज्या ड्रायव्हरने आणि ज्या बॅकएंडखाली बनली, तिथेच लागू पडते. दुसऱ्याच्या एनव्हीडिया कार्डवर बनलेलं इंटेलच्या चिपला काहीच उपयोगाचं नाही.

आदित्य९९ · शनिवार, रात्री ११:२२

पण माझ्याकडे एकदा कॅशे डिलीट केल्यावर खरंच नीट झालं होतं.

जुनाखेळ · शनिवार, रात्री ११:३१

होऊ शकतं. फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, मध्येच लाइट गेली असेल, तर एकदा पुसणं योग्यच. तो उपाय एकदाचा आहे, रोजचा नाही, एवढंच म्हणणं आहे.

रेवती_जुळेसोलापूर · रविवार, सकाळी ११:१०

काकासाहेब, हेडफोन लावून बघितला. तडतड तशीच, म्हणजे स्पीकर ठीक आहेत. गाणी लावली तर स्वच्छ वाजतात.

जुनाखेळ, तुम्ही सांगितलं तसं वहीत लिहून घेतलं. मेन्यूमध्ये VPS ६०, १००%. तिथे तडतड जवळजवळ नाही. लुइजी सर्किटवर ५५ ते ५८, थोडी तडतड. कोकोनट मॉलमध्ये शिरलं की ४८ आणि तिथेच राहतो, ८०% दाखवतो. तिथे कान धरवत नाही इतकी तडतड. आणि कवच फुटतं तेव्हा आकडा क्षणभर एकदम खाली जातो, वाचताही येत नाही.

जुनाखेळ · रविवार, दुपारी १:००

बघा, आता बोलता येतं. तुमच्याकडे आवाजाचा बिघाड नाहीच. वेळेची उधारी आहे.

हा गेम सेकंदाला ६० वेळा पडदा भरतो, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. खरा वी तेवढ्या वेळात चित्रही करतो आणि आवाजाचे नमुनेही करतो. तुमचा लॅपटॉप त्या वीचं सोंग घेतोय आणि तो ८०% वेगाने चालला की आवाजही ८०% वेगानेच तयार होतो. स्पीकरला मात्र सेकंदाला ४८,००० नमुने लागतात. त्याच्या वाट्याला ३८,४०० आले, तर उरलेल्या वेळात त्याने वाजवायचं काय? तिथे पोकळी पडते. सेकंदात अशा कित्येक पोकळ्या पडल्या की कानाला ती तडतड वाटते. म्हणून आवाजाच्या पानावर कितीही बटणं दाबलीत तरी VPS ६० ला टेकल्याशिवाय ती जाणार नाही.

आता तुम्ही व्हिडिओत बघून केलेल्या निवडी. LLE म्हणजे वीच्या आवाजाच्या चिपचं अक्षरशः अनुकरण. ते सगळं काम तुमच्याच प्रोसेसरवर पडतं. आधीच धापा टाकणाऱ्या प्रोसेसरवर अजून एक पोतं. HLE ठेवा, त्यात चिपची हुबेहूब नक्कल न करता फक्त तिचं काम उरकलं जातं. मारिओ कार्टला HLE मध्ये मला कधी काही उणं वाटलं नाही. ४ पट रिझोल्युशन UHD 620 ला झेपणारं नाही, २ पट करा. आणि विंडोजवर इंटेलच्या चिपला OpenGL बहुतेक वेळा सगळ्यात मंद पडतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ५.० काढून टाका. ती २०१६ सालची आहे. पुढची मोठी क्रमांकाची आवृत्ती, २४०७, थेट जुलै २०२४ मध्ये आली. मधली आठ वर्षं साइटवर स्टेबल म्हणून ५.० च दिसत राहिली, त्यामुळे लोक अजून तीच घेऊन बसलेत. तुमच्या गोठणाऱ्या चित्रावरचं औषध २०१७ मध्ये आलं, ते ५.० मध्ये असणारच कसं? २४०७ किंवा तिच्यानंतरची घ्या. ध्वनीचं पान आवृत्तीनुसार थोडं वेगळं दिसेल, घाबरू नका.

नवीन टाकल्यावर यादीत गेमवर उजवी क्लिक, Properties, तिथे Verify. बॅकअप धड निघालाय का ते एकदा बघून घ्या. दुसऱ्या खेपेला निघालेली डिस्क आहे, मनात शंका नको.

गेमरबॉय०७ · रविवार, दुपारी १:२०

एवढी मेहनत कशाला, कुणीतरी आयएसओची लिंक द्या ना सगळ्यांना.

जुनाखेळ · रविवार, दुपारी १:२५

नाही. ताईंनी स्वतःच्या डिस्कवरून काढलाय, म्हणून हा धागा आहे. लिंक इथे कुणी देणार नाही.

वाचनमात्र · रविवार, दुपारी २:१०

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(कक), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं 52(1)(aa), कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत करू देतं, मूळ प्रत नष्ट होण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून. पण २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५क आलं, ते प्रतीवरचं तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे, आणि त्यात हक्कभंगाचा हेतू असण्याची अट आहे. स्वतःच्या डिस्कचा बॅकअप आणि कुलूप हे दोन्ही एकत्र आले की नेमकं कुठे बसतं, यावर माझं मत पक्कं नाही. प्रत दुसऱ्याला देणं मात्र कुठेच बसत नाही.

बार्शीकर · रविवार, दुपारी ४:००

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे पीएस२ आहे, त्याची डिस्क मी पीसीवर PCSX2 मध्ये लावली. आकडा ५० च्या वर जातच नाही, म्हणजे माझा पीसी स्लो आहे ना? सगळे ६० म्हणतात. रिझोल्युशन कमी केलं, बॅकएंड बदलला, काही फरक नाही. आवाज मात्र एकदम स्वच्छ आहे.

जुनाखेळ · रविवार, दुपारी ४:४५

बार्शीकर, आवाज स्वच्छ आहे इथेच तुमचं उत्तर आहे. वेग कमी असता तर तो तडतडला असता. तुमची डिस्क युरोपच्या पद्धतीची, पाल, असणार. तो गेम मुळातच सेकंदाला ५० चा आहे. टक्के बघा, १०० दिसत असतील. तुमचा पीसी उत्तम चाललाय. ५० च्या गेमला ६० च्या पडद्यावर कॅमेरा फिरताना बारीक धक्के दिसतात, ते ५० चित्रं ६० मध्ये समसमान बसत नाहीत म्हणून.

रेवतीताईंची डिस्कसुद्धा पाल आहे, RMCP01 मधला P तेच सांगतो. पण हा गेम ६० मध्येही चालतो आणि डॉल्फिनच्या वीच्या पानावर `PAL60` ची खूण असते, म्हणून त्यांना ६० दिसतं.

बार्शीकर · रविवार, दुपारी ५:०२

१००% च आहे! दोन महिने मी रॅम वाढवायचा विचार करत होतो. धन्यवाद.

रेवती_जुळेसोलापूर · सोमवार, रात्री १०:२०

नवीन आवृत्ती टाकली. Verify मध्ये काही दोष निघाला नाही, म्हणजे बॅकअप चांगला आहे. जीव भांड्यात पडला, कारण मूळ डिस्क आज सकाळी वीमध्ये उघडलीच नाही.

HLE केलं, रिझोल्युशन २ पट, बॅकएंड Vulkan. कोकोनट मॉलमध्ये आता ५९-६०! तडतड गेली. सरकत्या जिन्यावरून जाताना पहिल्यांदा खालचं संगीत नीट ऐकू आलं.

पण कवचाचा झटका आहेच. पहिल्यांदा फुटलं की गोठतं आणि त्या क्षणी आवाजही एकदा टच् करतो. तारा, बॉम्ब, मशरूमचा धूर, प्रत्येकाचा पहिला प्रसंग तसाच. दुसऱ्यांदा नाही.

जुनाखेळ · मंगळवार, सकाळी ८:१०

आता दुसरं दुखणं. हे पहिल्यापेक्षा वेगळं आहे म्हणून मुद्दाम नंतर घेतलं.

वीच्या चित्राच्या चिपमध्ये आजच्यासारखे शेडर नाहीत. तिथे रंग मिसळायचे सोळापर्यंत टप्पे असतात आणि गेम प्रत्येक वस्तूसाठी ते टप्पे हवे तसे जुळवतो. धुरासाठी एक जुळणी, चमकत्या ताऱ्यासाठी दुसरी, निळ्या स्फोटासाठी तिसरी. तुमच्या ग्राफिक्स चिपला मात्र प्रत्येक जुळणीसाठी एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून द्यावा लागतो. जुळण्या इतक्या शक्य आहेत की सगळ्यांचे प्रोग्राम आधी करून ठेवता येत नाहीत. गेमने एखादी जुळणी पहिल्यांदा मागितली की डॉल्फिन थांबतो, कंपाइल करतो, मग चित्र काढतो. चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद आणि कंपाइल खातो त्याच्या कितीतरी पट. तोच तुमचा झटका. थांबल्यावर आवाजही तयार होत नाही, तोच तो टच्. एकदा केलेला प्रोग्राम कॅशेत जातो, म्हणून दुसऱ्यांदा काही होत नाही.

ग्राफिक्सच्या पानावर Shader Compilation मध्ये `Hybrid Ubershaders` निवडा. यात एक भलामोठा शेडर असतो, जो वीच्या टप्प्यांचं वाचन चिपवरच करतो, त्यामुळे नवीन जुळणी आली तरी थांबावं लागत नाही. तो जड असतो. पण मागच्या मागे खास प्रोग्राम कंपाइल होत असतो आणि तो तयार झाला की डॉल्फिन त्यावर जातो. खाली `Compile Shaders Before Starting` लाही खूण करा. त्याने गेमने आधी मागितलेल्या जुळण्यांची यादी बघून सगळं सुरुवातीलाच कंपाइल होतं.

फाइलमधून बघायचं असेल तर GFX.ini मध्ये असं दिसलं पाहिजे :

```
[Settings]
InternalResolution = 2
ShaderCompilationMode = 2
WaitForShadersBeforeStarting = True
```

पलीकडचा `Exclusive` पर्याय घेऊ नका. तो कायम जड शेडरवरच चालतो, UHD 620 ला नाही झेपणार.

तलावपाळी · मंगळवार, सकाळी ९:३०

जुनाखेळ, इथे मी थोडा असहमत आहे. माझाही लॅपटॉप आतल्याच इंटेल ग्राफिक्सचा आहे. हायब्रिडमध्ये नवीन जुळणी आली की झटका नाही, पण तो जड शेडर चालेपर्यंत VPS पाच-सहाने पडतो. मी नेहमीचा `Specialized` ठेवतो, वर सुरुवातीला कंपाइल करायची खूण, आणि पाहुणे यायच्या आधी एक संध्याकाळ बसून सगळे ट्रॅक एकेकदा खेळतो. मग सगळी यादी तयार. पाहुण्यांना एकही झटका दिसत नाही. आणि माझ्याकडे Vulkan पेक्षा Direct3D 11 सरळ चालतो.

जुनाखेळ · मंगळवार, सकाळी १०:०५

तुमची पद्धत चुकीची नाही. बॅकएंडचं तर असंच आहे, एकाच चिपवर ड्रायव्हर बदलला तरी निकाल बदलतो. रेवतीताईंनी एकच ट्रॅक, एकच गाडी घेऊन दोन्ही बॅकएंडवर तीन-तीन मिनिटं आकडे लिहावेत. फक्त एक लक्षात ठेवा. बॅकएंड बदलला की कॅशे वेगळी बनते, म्हणून पहिल्या फेरीतले झटके धरू नका, दुसरी फेरी मोजा. अँटी-एलियासिंग बदललं तरी तेच. लोक एक सेटिंग बदलतात, झटके आले की "हे वाईट" म्हणून परत फिरतात. ते नव्या कॅशेचे झटके असतात.

आदित्य९९ · मंगळवार, सकाळी १०:४०

अच्छा, म्हणून मी जेव्हा जेव्हा बॅकएंड बदलायचो तेव्हा सुरुवातीला अडकायचं. मी दर वेळी कॅशेच पुसत होतो.

रेवती_जुळेसोलापूर · बुधवार, रात्री ११:००

दोन्ही करून बघितलं. हायब्रिडवर पहिलं कवच फुटलं तेव्हा VPS ५४ वर आला, एक बारीकशी खर्र झाली, पण चित्र गोठलं नाही. गाडी हातात राहिली, माझ्यासाठी तेच महत्त्वाचं. तलावपाळी यांच्या पद्धतीनेही मशरूम कपचे चारही ट्रॅक करून बघितले, दुसऱ्या फेरीत सगळं स्वच्छ. पण भाचे कुठला ट्रॅक, कुठलं पात्र घेतील सांगता येत नाही, म्हणून हायब्रिड ठेवते. Vulkan आणि Direct3D 11 मध्ये माझ्याकडे दुसऱ्या फेरीत काही फरकच नाही दिसला. Vulkan ठेवलंय.

रेवती_जुळेसोलापूर · शनिवार, दुपारी ३:१५

परत आले. काल रात्री सगळं छान होतं. आज दुपारी अडीचला लावलं तर कोकोनट मॉलमध्ये ५१, तीच तडतड! एकही सेटिंग हलवलेलं नाही. बाहेर ऊन मी म्हणतंय, लाइटही गेलेली. जुनाखेळ, काय झालं असेल?

काकासाहेब_पंढरपूर · शनिवार, दुपारी ३:२५

लाइट गेली म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर आहे ना? मी पहिल्या दिवशी चार्जरचं विचारलं होतं.

जुनाखेळ · शनिवार, दुपारी ३:५०

काकासाहेब, तुमचा प्रश्न अगदी नेमका होता, मीच तिकडे लक्ष दिलं नाही.

ताई, दोन गोष्टी तपासा. आधी रिझोल्युशन २ पटावरून १ पट करा आणि तोच ट्रॅक लावा. आकडा वाढला तर ग्राफिक्स चिप अडलीय. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर अडलाय, आणि मग रिझोल्युशन कितीही उतरवून उपयोग नाही. दुसरं, गेम चालू असतानाच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा चालू वेग बघा. तुमचा i5-8250U मूळ १.६ गिगाहर्ट्झचा आहे, जोर लावला की ३.४ पर्यंत जातो. डॉल्फिनला एका-दोन कोअरचा जोरच लागतो. बाकीचे कोअर मोकळे बसले तरी त्याला काही मिळत नाही.

रेवती_जुळेसोलापूर · शनिवार, संध्याकाळी ६:३०

१ पट केलं तरी ५१ च. म्हणजे प्रोसेसर. बॅटरीवर वेग १.६ च्या आसपास अडकलेला दिसत होता. पाच वाजता लाइट आली, चार्जर लावला, विंडोजच्या बॅटरीच्या खुणेवर क्लिक करून पट्टी शेवटच्या टोकाला नेली. वेग ३ च्या वर गेला, VPS ६०. पण वीस मिनिटांनी वेग २ च्या खाली उतरला आणि आकडा ५५. लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर चटका बसला. गादीवर ठेवला होता. आईने पोळपाट दिला, त्यावर दोन झाकणं ठेवून मागची बाजू उचलली आणि टेबल फॅन समोर लावला. तेव्हापासून तासभर ६० च आहे.

तलावपाळी · शनिवार, संध्याकाळी ७:००

सोलापूरच्या मेमध्ये खोलीच चाळीसच्या घरात असते, पंखा आत तीच गरम हवा ओढणार. मी उन्हाळ्यात पंख्याची जाळी ब्रशने साफ करतो, धाग्यांचा कापूस निघतो. आमच्या गल्लीत माग आहेत, त्यामुळे जास्तच.

जुनाखेळ · शनिवार, रात्री ८:१५

लाइट जाणार असेल तेव्हा बॅटरीवर खेळायचं तर तडतड सहन करण्याऐवजी ऑडिओच्या पानावर स्ट्रेचिंग आहे का बघा. ते आवाज ताणून पोकळी भरतं. तडतड जाते, पण संगीत ओढल्यासारखं वाटतं आणि आवाज किंचित उशिरा येतो. वेग वाढत नाही, फक्त ऐकायला बरं होतं. चार्जर असताना बंदच ठेवा, नाहीतर वेग पडलाय हे कानाला कळत नाही.

रेवती_जुळेसोलापूर · बारा दिवसांनी, गुरुवार, रात्री ९:००

भाचे आले. काल पहिल्याच शर्यतीत तेच जुने झटके! चार्जर लावलेला, लॅपटॉप गार, VPS ६०, तरी प्रत्येक नव्या गोष्टीला बारीक खर्र. आणि गेम सुरू व्हायला जवळजवळ दीड मिनिट लागलं, पट्टी हळूहळू सरकत होती. घाबरून कॅशे पुसणार होते, मग थांबले.

जुनाखेळ · गुरुवार, रात्री ९:२०

थांबलात ते बरं केलं. मधल्या काळात विंडोजने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदललाय का बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये UHD 620 च्या ड्रायव्हरची तारीख दिसेल.

रेवती_जुळेसोलापूर · गुरुवार, रात्री ९:३५

हो! परवा अपडेट झालाय.

जुनाखेळ · गुरुवार, रात्री ९:५०

मग तेच. ड्रायव्हर बदलला की त्याने कंपाइल केलेले जुने प्रोग्राम बाद होतात. जुळण्यांची यादी मात्र डॉल्फिनकडे राहते, म्हणून सुरुवातीला ती पट्टी सरकत होती, तो सगळं नव्याने करत होता. काल शर्यतीतले झटके ज्या जुळण्या आधी कधी मागितल्याच नव्हत्या त्यांचे असतील. नवीन ट्रॅक, नवीन पात्रं घेतली असतील मुलांनी. आज परत लावा.

रेवती_जुळेसोलापूर · गुरुवार, रात्री १०:४०

आज सुरू व्हायला काही सेकंदच लागले आणि काल खेळलेल्या ट्रॅकवर एकही झटका नाही. मुलांनी काल खरंच स्टार कप उघडला होता, तो आधी मी खेळलेच नव्हते.

एक राहिलंय. धाकट्याने ब्लूटूथ स्पीकर जोडला की VPS पूर्ण ६० असतानाही अधूनमधून टच् टच् होतं आणि बटण दाबल्यावर आवाज क्षणाने येतो. वायरच्या हेडफोनवर काहीच नाही. गाणी मात्र त्याच स्पीकरवर ठीक वाजतात.

जुनाखेळ · गुरुवार, रात्री ११:००

उशीर ब्लूटूथचाच आहे, तो डॉल्फिनमधून जाणार नाही. गाणं आधीच पुढचा भाग भरून ठेवू शकतं, गेमला तसं करता येत नाही, म्हणून गाण्यात कळत नाही. टच् टच् चं मात्र खात्रीने सांगता येत नाही. ऑडिओच्या पानावर बफर दिसत असेल तर तो थोडा वाढवून बघा, आणि एकदा लॅपटॉपचा वाय-फाय बंद करून बघा, दोन्ही एकाच पट्ट्यात असतील तर एकमेकांत येतात. काय होतं ते लिहा.

रेवती_जुळेसोलापूर · शुक्रवार, सकाळी ८:३०

वाय-फाय बंद केल्यावर कमी झालं, गेलं नाही. बफर वाढवला तर आवाज अजून उशिरा. सध्या वायरचा स्पीकर शेजाऱ्यांकडून आणलाय. कुणाकडे याच चिपवर ब्लूटूथ स्वच्छ चालत असेल तर त्यांनी कोणता स्पीकर, कोणत्या सेटिंगवर, तेवढं लिहा.